कंदील १ किलो ४०० ग्रॅमचा, बिल लावलंय साडेएकोणीस किलोचं! कुणाला कळतंय का हे?

वडगावची_कंदीलवाली

नमस्कार मंडळी, दोन दिवस डोकं गरगरायलंय म्हणून इथं लिहितेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बेळगावात वडगावला असते, घरीच आकाशकंदील करते, बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खाली झिरमिळ्या, अगदी पारंपरिक आठकोनी. दरवर्षी गणपत गल्लीत ओळखीच्या दुकानात ठेवते तेवढंच. यंदा भाच्यानं फोटो काढून टाकले आणि पुणे-ठाण्याकडनं सात ऑर्डरी आल्या, मला तर आभाळच ठेंगणं झालेलं. कुरिअर त्या मोबाईलवरच्या ॲपमधनं लावलं (नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको). रेट असा की पहिल्या अर्ध्या किलोला ४८ रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४०, वर १८ टक्के जीएसटी.

किराणा दुकानातल्या काट्यावर बॉक्ससकट वजन केलं, १ किलो ४०० ग्रॅम. आता मी काही अगदीच अडाणी नाही हो, ॲपमध्ये लिहिलेलं वाचलं होतं की लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५००० असंही वजन काढतात आणि दोन्हीतलं जास्त असेल ते धरतात. तेही केलं. बॉक्स १८ चा चौकोनी, म्हणजे १८ × १८ × १८ = ५८३२, भागिले ५००० = १.१७ किलो. म्हणजे खरं वजनच जास्त, दीड किलो टाकलं, एका पार्सलला १५१ रुपये गेले, खूश.

चार दिवसांनी वॉलेट बघते तर उणे! सात पार्सलचे मिळून १२,४६० रुपये ८० पैसे जादा कापलेत. पाच पार्सलला वजन लिहिलंय १९.५ किलो आणि दोनाला २२.५. अहो एक कंदील मी साडेचारशेला विकलाय!! बॉक्स तेच, कंदील तेच, मग दोनाला तीन किलो जास्त कसं? काय करू सांगा.

सीमाभागातला_बाबू

चोर आहेत सगळे अक्का. सोडू नका, ग्राहक मंचात टाका केस. वजन म्हणजे वजन, काट्यावर जे दाखवतंय तेच, हे लांबी-रुंदीचं वजन कुठल्या कायद्यात लिहिलंय दाखवा म्हणावं. पोस्टात जावा सरळ, सरकारी काम, तिथं फक्त काटा बघतात, असली नाटकं न्हाईत.

टेपवाला_काका

ताई, एकच प्रश्न विचारतो, रागावू नका. १८ कशात मोजलंत? सेंटिमीटरात का इंचात?

वडगावची_कंदीलवाली

बॉक्सवाल्यानं १८ बाय १८ बाय १८ सांगितलं, तेच घातलं. इंचच असणार की, सगळे बॉक्स इंचातच देतात ना?

टेपवाला_काका

हां, मग तिथंच गणित फसलंय. मी अकरा वर्षं एका कुरिअरच्या हबमध्ये काढली, आता रिटायर होऊन शहापूरला निवांत आहे, ही चूक आठवड्यातनं एकदा तरी बघायचो. तो ५००० आकडा सेंटिमीटरसाठी आहे. पुठ्ठ्याचे बॉक्स आपल्याकडं इंचात विकतात, टेपही आपण इंचाच्या बाजूनंच वाचतो, आणि ५००० ने भागायचं हे तेवढं लक्षात राहतं.

तुमचा बॉक्स १८ इंच म्हणजे ४५.७ सेंटिमीटर, आणि तोही आतनं. बॉक्सवाला सांगतो ते आतलं माप असतं, बाहेरनं पुठ्ठ्याची जाडी वाढते. ४६ धरा. ४६ × ४६ × ४६ = ९७,३३६. भागिले ५००० म्हणजे १९.४७. अर्ध्या किलोच्या टप्प्यानं वर घ्यायचं, १९.५. तुमच्या बिलात आहे तेच.

आणि तुमचं नशीब बघा, इंचात चुकून जे उत्तर आलं ते १.१७, खऱ्या वजनाच्या जवळच! तिथं ०.२ नाहीतर ४० आलं असतं तर तुम्हीच थांबला असता, काहीतरी गडबड आहे म्हणून. उत्तर पटण्यासारखं आलं म्हणून शंकाच आली नाही.

वडगावची_कंदीलवाली

अरे देवा. आत्ता टेप घेऊन मोजलं, ४६ आणि वर केसभर. म्हणजे चूक माझीच? पण काका मला हे पटतच नाही हो, हिशोब कळला, पण माझ्या पार्सलमध्ये साडेएकोणीस किलो आहेच कुठं? आत अर्धा किलोचा कंदील, नऊशे ग्रॅमचा पुठ्ठा आणि बाकी हवा!

टेपवाला_काका

हवेचेच पैसे घेतात ताई. हवा नेली म्हणून नाही, त्या हवेनं दुसऱ्याची जागा अडवली म्हणून. थांबा, बाकीचे काय म्हणतात बघू, मी जेवून येतो.

गोकाकचा_गोड_धंदा

मला तर आजतागायत कधी असलं लावलं नाही. तीन वर्षं करदंट पाठवतोय, मुंबई दिल्ली सगळीकडं, किलोच्या पुड्याला दीड किलोचं बिल येतंय बस्स. तुमचा पिकअपवाला पोरगा चांगला न्हाई बघा, आमचा ओळखीचा आहे, चहा पाजतो आम्ही त्याला, तो वजन लिहितो तेच जातंय पुढं. ओळख ठेवा थोडी.

टेपवाला_काका

गोकाकवाले मालक, चहा पाजा जरूर, पण त्याचा आणि बिलाचा संबंध नाही. पिकअपवाला लिहितो ते तात्पुरतं, खरं माप हबमध्ये पट्ट्यावर होतं. पट्ट्याखाली काटा, वर कॅमेरा, पार्सल न थांबता पुढं जातं आणि वजन, तिन्ही मापं आणि फोटो एकदमच सिस्टिममध्ये चढतात.

तुम्हाला लागत नाही कारण तुमचा मालच गच्च आहे. तुमच्या किलोच्या बॉक्सचं माप काय?

गोकाकचा_गोड_धंदा

२० बाय १५ बाय ६, सेंटिमीटरच हां, मोजूनच सांगायलोय.

टेपवाला_काका

मग १८०० झाले, म्हणजे १.८ लिटर. मी कागद-पेन न घेता असं करायचो: बॉक्समध्ये पाणी भरलं तर किती लिटर मावेल ते काढायचं आणि एका लिटरला २०० ग्रॅम धरायचं. ५००० नं भागणं म्हणजे तेच आहे, दुसरं काही नाही. तुमच्या बॉक्सचं झालं ३६० ग्रॅम, आणि काट्यावर किलोच्या वर, म्हणून काटाच जिंकतो. गूळ, खोबरं, डिंक, सुकामेवा दाबून घट्ट वडी केलेली, त्यात हवा कुठली.

आणि ताईंचा बॉक्स ९७ लिटरचा. घरात शंभर लिटरचा पाण्याचा ड्रम असतो ना, जवळजवळ तेवढी जागा. ड्रमभर जागेत अर्धा किलो कंदील.

छोटा_हत्ती_निपाणी

मी बोलू का, माझी गाडीच हाय, छोटा हत्ती, निपाणी-बेळगाव-कोल्हापूर भाडं मारतो. लोक म्हणतात वजन न्हाई मग भाडं कमी घे. मी एकदा असंच फसलोय. एका चिरमुऱ्याच्या भट्टीवाल्यानं बोलावलं, पोती हलकी हायत म्हणाला, एका पोरानं उचलून टाकलीत, निम्म्या भाड्यात चल. गेलो. गाडी भरली शिगोशीग, वरनं दोरी मारली, टायर बघितला तर दबलेला पण न्हाई. डिझेल तेवढंच, टोल तेवढाच, वाटेत एक जण दोन पेट्या नेतोस काय म्हणून हात करत हुता, ठेवायला जागाच न्हाई. त्या दिवशी कळलं गाडी दोन तऱ्हेनं भरती.

आता कंदिलाचं बघा. माझा हौदा ७ फूट लांब, ४.८ फूट रुंद, आणि पाच फुटापतोर माल लावतो. अक्काचा बॉक्स दीड फुटाचा. लांबीत ४ बसले, रुंदीत ३, वर ३ थर. झाले ३६ बॉक्स, गाडी फुल. वजन किती? ३६ गुणिले १.४ म्हणजे पन्नास किलो! पन्नास किलोत माझी गाडी भरली, आणि तिची ताकद पाऊण टनाची. मला जर पाऊण टनाचं भाडं त्या ३६ बॉक्सातनं काढायचं असंल तर एका बॉक्सवर ७५० भागिले ३६, पावणेएकवीस किलो पडतंय. कुरिअरवाल्यानं साडेएकोणीस लावलंय म्हणजे माझ्यापेक्षा स्वस्तच की 😄

वडगावची_कंदीलवाली

भाऊ हे एकदम डोक्यात शिरलं. राग अजून आहे, पण शिरलं.

उद्यमबाग_कास्टिंग

एक मिनिट, मला इथं शंका आहे. आम्ही उद्यमबागेतनं कास्टिंगचे सॅम्पल पाठवतो, बॉक्स २५ बाय २० बाय १५, म्हणजे काकांच्या हिशोबानं साडेसात लिटर, दीड किलो. पण आत लोखंड, काटा १८ किलो दाखवतो, आणि बिल १८ किलोचंच येतं. जर पैसे जागेचे घेताय तर माझ्याकडनं दीड किलोचे घ्या की, आणि वजनाचे घेत असाल तर अक्कांकडनं दीड किलोचे घ्या. दोन्हीतलं जे जास्त ते, म्हणजे चित भी मेरी पट भी मेरी झालं.

आणि पुढचं बघा. त्याच गाडीत माझं कास्टिंग खाली आणि अक्कांचा कंदील वर ठेवला तर? गाडीचं वजनही वापरलं, जागाही वापरली, आणि कुरिअरवाल्यानं माझे वजनाचे पण घेतले, अक्कांचे जागेचे पण घेतले. निपाणीवाल्या भाऊंचा हिशोब फक्त कंदिलानं भरलेल्या गाडीचा आहे, खऱ्या गाडीत सगळं मिसळलेलं असतं.

छोटा_हत्ती_निपाणी

मालक तुमच्या लोखंडानं भरली तर गाडी निम्मी मोकळी आणि पाटे वाकलेत, आरटीओचा दंड कोण भरणार. म्हणून दोन्ही बघाय लागतंय. पण तुमचं दुसरं बरोबर हाय. मी पण तसंच भरतो, खाली सिमेंट नाहीतर नळ्या, वर थर्माकोल. त्या फेरीलाच दोन पैसे उरतात.

टेपवाला_काका

उद्यमबागवाल्यांनी नेमकं बोट ठेवलंय आणि मी नाकारणार नाही. हलका आणि जड माल नीट मिसळला की बिलात लावलेल्या किलोंची बेरीज गाडीच्या खऱ्या वजनापेक्षा बरीच वर जाते, आणि तो फरक कंपनीचाच. विमानाच्या मालात तर हे मिसळणं हाच अर्धा धंदा आहे. पण बुकिंगच्या वेळी कुठलं पार्सल कुणाच्या शेजारी बसणार हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक पार्सल जणू एकट्यानंच गाडी भरणार असं धरून रेट लावतात.

५००० हा काही देवानं दिलेला आकडा नाही. त्याचा अर्थ एक घनमीटर जागेला २०० किलो. विमानाच्या मालवाहतुकीत ६००० चालतं, म्हणजे घनमीटरला साधारण १६७ किलो. कुरिअर, एक्स्प्रेसवाले बहुतेक ५००० धरतात. भाजक जितका लहान तितकं तुमचं पार्सल जड. बाबू, कायद्यात नाही हे तुझं खरं, पण करारात आहे. ॲपच्या अटींवर टिक करताना मान्य केलेलं असतं, ते घेऊन मंचात काय भांडणार? आणि पोस्टाचं म्हणशील तर पार्सलला तिथंही लांबी-रुंदी-उंची मोजायला लागलेत, काउंटरवर विचारून मग बोल.

सीमाभागातला_बाबू

गेल्या राखीला माझं पाकीट गेलं तेव्हा काही मोजलं नव्हतं हो.

टेपवाला_काका

पाकीट आणि ड्रमाएवढा बॉक्स यात फरक आहे ना बाबा.

गणपत_गल्लीतला_पार्सलवाला

मध्येच बोलतो. सरफेसला ४००० असतं, एअरला ५०००. त्यामुळं अक्का तुम्ही एअरनं पाठवा, वजन कमी लागेल. मी स्वतः दोन्ही वापरतो.

टेपवाला_काका

तुमच्या करारात तसं असेल, काही कंपन्या सरफेसला ४००० किंवा साडेचार हजार धरतात, सगळ्या नाहीत. पण म्हणून एअर स्वस्त होत नाही, तिथं किलोचा दरच जास्त असतो. ताईंना कुठला भाजक लावलाय ते बिलावरनंच कळतंय. ९७,३३६ ला १९.५ नं भागा, ४९९२ येतात. म्हणजे ५०००, वर टप्प्याचा फरक. ४००० असता तर २४.३ येऊन साडेचोवीस लागलं असतं. बिल वाढीव वाटलं की आधी असं उलटं भागून बघावं, ओळखीचा भाजक निघाला तर मापं बरोबर आहेत, भलताच आकडा आला तर माप चुकलंय.

वडगावची_कंदीलवाली

मग ते २२.५ वाले दोन? ९७,३३६ भागिले २२.५ म्हणजे ४३२६ येतंय. हे भलतंच झालं ना काका?

टेपवाला_काका

हां, आता आलात रुळावर. त्या दोनांचा हबमधला फोटो ॲपमध्ये असेल, वजन तफावतीच्या भागात. मापं काय लिहिलीत ते बघा.

वडगावची_कंदीलवाली

बघितलं. ४६ × ४६ × ५३. उंची ५३ कुठनं आणली यांनी?? फोटोत बॉक्स आपलाच आहे, वर सुतळी दिसतेय.

... अहो थांबा. त्या दोन बॉक्सला मी वरनं सुतळीचा कडा बांधलेला, उचलायला बरं पडावं म्हणून. पोरगं बिचारं जिने चढणार, हाताला काचू नये म्हणून जरा मोठाच बांधला. तो उभा राहिलाय फोटोत.

टेपवाला_काका

झालं! सात सेंटिमीटरची सुतळी, तीन किलोचं बिल. कॅमेऱ्याला बॉक्स आणि सुतळी वेगळी कळत नाही, पार्सलचा जो सगळ्यात बाहेर आलेला भाग असेल तिथपर्यंत तो एक काल्पनिक पेटी धरतो. सुटलेल्या टेपचं टोक, उघडं राहिलेलं झाकण, फुगलेली बाजू, सगळं त्यात धरलं जातं. गोल नळी पाठवली तरी माप चौकोनी पेटीचंच. पोत्यात शिवलेलं पार्सल तर विचारूच नका, जिथं फुगवटा तिथं माप.

४६ × ४६ × ५३ = १,१२,१४८, भागिले ५००० म्हणजे २२.४३, म्हणून २२.५. सहा टप्पे जास्त, २४० रुपये आणि जीएसटी धरून एका पार्सलला २८३ रुपये २० पैसे त्या कड्याचे. या दोनांवर हरकत घ्या. तुमच्याकडं टेप लावलेला फोटो आहे का, बांधायच्या आधीचा?

वडगावची_कंदीलवाली

एकाचा आहे, गिऱ्हाइकाला दाखवायला काढलेला, पण टेप लावलेला नाही. दुसऱ्याचा नाही.

टेपवाला_काका

टाका तरी. मुदत बघा आधी, बहुतेक ठिकाणी सात दिवसच देतात, नंतर तक्रारीचं तिकीटच घेत नाहीत. पुढच्या वेळी लांबी, रुंदी, उंची तिन्हींना टेप लावून वेगवेगळे फोटो, एक काट्यावरचा, आणि लेबल सगळ्यात दिसलं पाहिजे. आकडा वाचता आला पाहिजे, लांबनं काढलेला फोटो कुणी बघत नाही.

खानापूरची_माती

माझं वेगळंच दुखणं आहे, इथंच विचारतो. आम्ही खानापूरला मातीची भांडी करतो. २५ सेंटिमीटरचं मडकं, चारी बाजूनं पाच-पाच सेंटिमीटर गवत आणि बबल रॅप, म्हणजे बॉक्स ३५ चा. काटा ३ किलो २०० दाखवतो आणि बिल ९ किलोचं. गवत कमी केलं तर १ सेंटिमीटरच ठेवून बघितलं एकदा, बॉक्स २७ चा झाला, बिल चार किलोचं आलं, लई आनंद झाला, आणि मडकं पोचलं ते खापरं होऊन. आता सांगा.

टेपवाला_काका

बॉक्स तीस टक्क्यानंच वाढला असं वाटतं, पण तो तिन्ही बाजूंनी वाढतो ना. २७ चा ३५ झाला की १९.७ लिटरचे ४२.९ लिटर होतात, दुपटीच्या वर. गवत काढू नका. उलट बघा: तुम्ही ९ किलोचे पैसे भरताच आहात, आत ३ किलो २०० च आहे. म्हणजे पाच किलो आठशे ग्रॅम माल फुकट जायला जागा आहे. मडक्याच्या पोटात पणत्या भरा, झाकण्या भरा, गवत दाबून. मडक्याचं पोट रिकामं पाठवणं हाच तोटा आहे.

खानापूरची_माती

पणत्या आत टाकल्या की आतनं मडक्याला ठोकतात, केलंय ते. पण एकात एक बसणाऱ्या वाट्या करून बघतो, कागदात गुंडाळून. गिऱ्हाइक एक मडकंच मागतंय त्याला वाट्या कशा विकायच्या हा वेगळा प्रश्न.

उद्यमबाग_कास्टिंग

मी तर म्हणतो अक्कांनी आणि मी एकत्र पार्सल करावं, बॉक्सच्या तळाला माझं कास्टिंग आणि वर कंदील, १८ किलो फुकट 😂

वडगावची_कंदीलवाली

हो, आणि पुण्यात उघडल्यावर कंदिलाचा पापड! नको रे बाबा.

पण मला आता खरंच सांगा, दिवाळी तोंडावर आहे, अजून अकरा ऑर्डरी आहेत. लहान बॉक्स घेतला तर? कंदील ४० उंच आणि ३६ रुंद आहे, १८ चा बॉक्स मी घेतला कारण दुकानात तोच होता.

टेपवाला_काका

३८ × ३८ × ४३ चा बॉक्स बनवून घेतलात तरी ६२,०९२, म्हणजे साडेबारा किलो. १००८ रुपये, वर जीएसटी. साडेचारशेच्या कंदिलाला. पुठ्ठा कापून हे सुटणार नाही, कंदीलच चपटा व्हायला हवा.

वडगावची_कंदीलवाली

चपटा म्हणजे घडीचा? तसले बाजारात मिळतात ते कार्डशीटचे, माझे कामट्यांचे आहेत, गाठी मारून खळीनं कागद चिकटवलेला. घडी घातली की कागद तडकतो.

शिवणवाली_शहापूर

ताई सगळा कंदील घडी करू नका, पाकळ्या सुट्या करा. आमच्याकडं फ्रेमचे झोपाळे असेच जातात. आठ बाजूंच्या आठ चौकटी, प्रत्येकीवर कागद आधीच चिकटवलेला, कडेला दोऱ्याचे फास, गिऱ्हाइकानं फक्त फास गाठायचे. झिरमिळ्या वेगळ्या पुडीत. सोबत एक कागद, कुठला फास कुठं. कामटी एकाच मापाची कापावी लागेल मात्र, आत्ता तुम्ही हाताच्या अंदाजानं करता ना.

सीमाभागातला_बाबू

पुण्याचं गिऱ्हाइक फास गाठत बसणार होय? व्हिडिओ कॉल करून करून तुम्हाला हैराण करतील.

वडगावची_कंदीलवाली

करून बघते.

*(तीन दिवसांनी)*

वडगावची_कंदीलवाली

केला एक. चौकटी ४० बाय १८ च्या, आठ एकावर एक ठेवल्या, मध्ये वर्तमानपत्र. बॉक्सवाल्याकडनं बाहेरनं ४४ × २२ × ५ चा करून घेतला, यावेळी सेंटिमीटरात, त्याच्या समोर टेप लावून. ४८४० भागिले ५००० = ०.९७ किलो. काट्यावर ८५० ग्रॅम. एक किलोत बसलं! ८८ रुपये आणि जीएसटी. कुठं १५६८ आणि कुठं ८८.

टेपवाला_काका

छान झालं, पण मध्यभागी हात दाबून बघा. फुगलाय का?

वडगावची_कंदीलवाली

थोडा. झिरमिळ्यांची पुडी मध्ये आहे तिथं.

टेपवाला_काका

किती?

वडगावची_कंदीलवाली

टेप लावली, मध्ये पावणेसहा दाखवतेय.

टेपवाला_काका

मग कॅमेरा ६ धरणार. ४४ × २२ × ६ = ५८०८, म्हणजे १.१६, टप्पा दीड किलोचा, १२८ रुपये. एक सेंटिमीटरला चाळीस. पुडी मधनं काढून चौकटींच्या बाजूला जी चार सेंटिमीटरची पट्टी मोकळी आहे तिथं लांबट करून घाला.

वडगावची_कंदीलवाली

हो हो, १८ च्या चौकटी आणि २२ चा बॉक्स, जागा आहे तिथं. घालते.

बाकी हरकतीचं: ज्या पार्सलचा फोटो होता त्याचे २८३ रुपये २० पैसे परत आले. दुसऱ्याला "मापन योग्य आहे" म्हणून तिकीट बंद केलं. सुतळी दोन्हीला सारखीच होती हो! पाचांचे तर गेलेच, ते मीच भरलेत.

उद्यमबाग_कास्टिंग

दुसरं परत उघडा, पहिल्याचा निकाल त्यात चिकटवा. सारखंच पार्सल, सारखाच कडा.

छोटा_हत्ती_निपाणी

आणि अक्का, त्या अकरातले पुण्याचे किती? सहा-सात असतील तर चपटे न करता पण पुण्यात पाव्हणं असंल त्यांच्याकडं एकदम ट्रान्सपोर्टनं टाका, नगावर भाडं ठरवा, तिथनं ते देतील. कागद तडकायची भीती न्हाई.

वडगावची_कंदीलवाली

पुण्याचे चार, बहीण कोथरूडला आहे. विचारते तिला, पण ती म्हणणार दारात चार ड्रम ठेवू कुठं.

खानापूरची_माती

काका, वाट्यांचं करून बघितलं. पाच वाट्या एकात एक, मडक्याच्या पोटात, वर गवत. काटा ५ किलो ९००, बॉक्स तोच ३५ चा. बिल ९ चंच येईल ना? का गवत वर आल्यामुळं झाकण फुगलंय ते मोजतील?

टेपवाला_काका

किती फुगलंय ते टेप लावून सांगा आधी.